जोत्यातील भराव : पाच ब्रास पुरले, तेच चुकले

काही वर्षांपूर्वी एका परिचित शिक्षकांच्या शाळेत आम्ही गेलो होतो. नव्या वर्गखोलीला दोन पावसाळे झाले होते. कपाट पुढे झुकलेले दिसत होते. फरशीवर काठी आपटली की मधोमध पोकळ आवाज येई, भिंतीजवळ मात्र भरीव. शिवाय भिंतीपासून चार बोटे सोडून खोलीभर एक बारीक भेग गेली होती. भेगेच्या अलीकडची फरशी जागच्या जागी होती आणि पलीकडची दोन-तीन सेंटिमीटर खाली बसली होती.

पाया खचला असता तर भिंतींना तडे गेले असते. भिंती शाबूत होत्या. म्हणजे बसला होता तो जोत्यातील भराव. तो कोणी भरला, कसा भरला, असे विचारता मुख्याध्यापकांनी वही काढून दाखवली. "हिशेब आम्हीच केला होता. पाच ब्रास मुरूम लागेल असे निघाले, पाच ब्रास आणला आणि अगदी बरोबर पुरला. फावडेभरही उरला नाही की कमी पडला नाही!"

खरे तर चूक याच वाक्यात होती. मुरूम बरोबर पुरला, म्हणजेच तो चोपला गेला नव्हता. असे का म्हणायचे, ते त्यांच्याच वहीतील आकडे घेऊन पाहू.

किती जागा भरायची?

खोली आतून ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. पण भराव पडतो तो जोत्याच्या भिंतींच्या आत, आणि जोत्याची भिंत वरच्या भिंतीपेक्षा जाड असते. येथे वरची भिंत २३ सें.मी. आणि जोत्याची ३८ सें.मी. होती. फरक १५ सें.मी., म्हणजे जोत्याची भिंत प्रत्येक बाजूने आत ७.५ सें.मी. पुढे आलेली. तेव्हा भरावाची जागा ५.८५ गुणिले ४.८५, म्हणजे २८.३७ चौरस मीटर. (चार बोटांवरच्या भेगेचा उलगडाही येथेच होतो. कडेची फरशी या पुढे आलेल्या भिंतीवर टेकली होती, बाकीची भरावावर.)

आता खोली. जोत्याच्या माथ्यापासून खाली मोजत जायचे आणि त्यातून फरशी व तिच्याखालचा चुना किंवा सिमेंटचा थर ५ सें.मी., काँक्रीट १० सें.मी. आणि दगडी सोलिंग १५ सें.मी., असे ३० सें.मी. वजा करायचे. उरेल ती भरावाची खोली. मोजणी मात्र गवत, मुळ्या आणि वरची भुसभुशीत काळी माती काढून टाकल्यावर करायची. ती आधी केली तर काढलेल्या मातीइतका खड्डा हिशेबाबाहेर राहतो. येथे जमीन उताराची होती. चार कोपऱ्यांत भरावाची खोली ४०, ४५, ५५ आणि ६० सें.मी. आली. उतार सरळ असल्याने चौघांची सरासरी चालते : ५० सें.मी. मध्ये उंचवटा किंवा खळगा असेल तर जास्त ठिकाणी मोजावे लागेल.

भरावाचे घनफळ = २८.३७ × ०.५० = १४.१९ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. १४.१९ भागिले २.८३ म्हणजे ५.०१ ब्रास.

येथपर्यंत वहीतला हिशेब बिनचूक आहे. पण हे घनफळ आहे चोपून घट्ट झालेल्या भरावाचे, आणि ट्रॉलीतून येणारा मुरूम असतो सैल.

कण तेवढेच, पोकळी कमी

मुरमाचे कण दगडाचेच तुकडे असतात. चोपल्याने ते लहान होत नाहीत, तर त्यांच्यामधली हवेची पोकळी कमी होते. समजा, एक घनमीटर सैल मुरमाचे कोरडे वजन १४०० किलो भरले. भरीव दगडाचा एक घनमीटर सुमारे २६५० किलोचा धरला, तर या सैल मुरमात दगड ५३ टक्के आणि पोकळी ४७ टक्के. तोच मुरूम चांगला चोपल्यावर घनमीटरला १७५० किलो झाला, तर दगड ६६ टक्के आणि पोकळी ३४ टक्के. जवळजवळ निम्मी पोकळी घेऊन आलेला माल आपण जोत्यात टाकतो.

वजन बदलत नाही, म्हणून हिशेब वजनाने करावा. आपल्याला हवा आहे १४.१९ घनमीटर घट्ट भराव, म्हणजे १४.१९ × १७५० = २४,८३० किलो मुरूम. सैल अवस्थेत तो १४०० ने भागायचा : १७.७४ घनमीटर, म्हणजे ६.२७ ब्रास. पाच नव्हे, सव्वासहा.

शाळेने पाच ब्रास आणला होता. तो नीट चोपला असता तर ५० ऐवजी ४० सें.मी.वरच थांबला असता आणि १० सें.मी.ची तूट त्याच दिवशी दिसली असती. चोपला नाही म्हणून तो "बरोबर पुरला" आणि तूट पोकळीच्या रूपाने फरशीखाली लपून राहिली. दमट कणांमधले थोडे पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते, त्यामुळे सैल भराव काही काळ तसाच तग धरतो. पावसाळ्यात ओल खालून चढली की ही पकड सुटते, कण घसरून पोकळीत बसतात आणि वरचे काँक्रीट अधांतरी राहते. सगळी १० सें.मी. एकदम उतरत नाहीत. शाळेत दोन-तीनच उतरली होती. बाकीची वाट पाहत होती.

२० टक्के की २५?

येथे एक चूक फार जण करतात. सैल मुरूम १०० असेल तर चोपल्यावर ८० होतो, म्हणजे घट २० टक्के. मग "२० टक्के जास्त आणा" असे सांगितले जाते. १४.१९ मध्ये २० टक्के मिळवले तर १७.०३ घनमीटर येतात. पण चोपल्यावर घट होते ती या १७.०३ ची. १७.०३ × ०.८० = १३.६२. म्हणजे सुमारे अर्धा घनमीटर कमी, खोलीभर २ सें.मी.ची तूट.

घट सैल मापाच्या टक्क्यांत मोजलेली असते आणि वाढ घट्ट मापाच्या. म्हणून मिळवायचे नाही, भागायचे. १४.१९ भागिले ०.८० म्हणजे १७.७४. घट २० टक्के असेल तर वाढ २५ टक्के, घट २५ असेल तर वाढ ३३ टक्के. सातवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

घट किती धरायची? मोजून!

२० टक्के हा काही सर्व मातींचा नियम नाही. वाळूसारख्या मातीत घट कमी असते, ढेकळांच्या चिकट मातीत जास्त. (काळी माती तर जोत्यात नकोच. ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.) म्हणून आधी दोनच ब्रास मुरूम मागवावा, पहिला थर चोपावा आणि त्यावरच प्रयोग करावा.

चोपलेल्या थरात सुमारे २५ सें.मी. चौरस आणि थराच्या खोलीइतका खड्डा हळूच खणा. निघालेला मुरूम एका कणानेही न सांडता पाटीत जमा करा. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिकचा कागद कडांना चिकटेल असा बसवा आणि लिटरच्या मापाने पाणी ओतून काठोकाठ भरा. हे झाले घट्ट घनफळ. आता जमा केलेला मुरूम हाताने मोकळा करून त्याच मापाने, न दाबता, मोजा. समजा पाणी ७.२ लिटर मावले आणि मुरूम ९ लिटर भरला. ९ भागिले ७.२ म्हणजे १.२५. याच आकड्याने जोत्याचे घनफळ गुणायचे. प्रयोग दोन-तीन ठिकाणी करून सरासरी घ्यावी. काही मुरूम सांडतो, काही कोपऱ्यांत जातो, म्हणून ६.२७ ऐवजी साडेसहा ब्रास धरावा.

ब्रासही मोजून घ्यावा. "ट्रॉली म्हणजे ब्रास" हे बोलण्यापुरते. आतून ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि ४५ सें.मी. उंच ट्रॉलीत सपाट भरून २.४३ घनमीटर मावतात, म्हणजे ०.८६ ब्रास. अशा साडेसात ट्रॉल्या लागतील.

चोपणे कसे, आणि चोपले हे कसे ओळखावे?

धुम्मसाचा मार वरच्या थोड्याच थरापर्यंत पोचतो. म्हणून सैल थर २० सें.मी.पेक्षा जाड नसावा. हातधुम्मस असेल तर १५ ते १७ सें.मी.च बरा. आपल्या जोत्यात आधी सखल कोपऱ्याकडून पातळ थरांनी भरून पातळी एक करायची. मग उरलेले ४० सें.मी. तीन थरांत भरायचे. प्रत्येक सैल थर १७ सें.मी.चा, चोपून साधारण १३ सें.मी.वर आलेला. जोत्याच्या भिंतीवर आतून कोळशाने या रेघा आधीच मारून ठेवाव्यात. थर रेघेवर आला का, हे मग कोणालाही दिसते. भिंतीलगत आणि कोपऱ्यांत धुम्मस बसत नाही, तेथे लहान ठोकळ्याने ठोकावे.

पाण्याचेही माप असते. अमेरिकेतील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की सारख्याच माराने माती सर्वांत घट्ट बसते ती एका ठरावीक ओलीला. कोरडे कण एकमेकांवर अडतात, तर फार ओल्या मातीत पोकळी पाण्याने व्यापल्यामुळे कणांना जवळ येता येत नाही. आजही आपल्या प्रयोगशाळांत एक लिटरच्या साच्यात तीन थर भरून, प्रत्येकाला २.६ किलोच्या हातोड्याचे ३१ सें.मी.वरून २५ ठोके देऊन ही ओल शोधतात. कामावर मूठ पुरते. मुरूम मुठीत दाबून गोळा व्हावा, हाताला पाणी सुटू नये आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याची दोन-चार ढेकळे व्हावीत. पीठ झाले तर पाणी कमी, चपटा चिखल झाला तर जास्त.

सगळा भराव एकदम टाकून वरून पाणी सोडायचे, ही पळवाट मात्र नको. वरचा थर चिखल होतो, खालचा कोरडाच राहतो आणि मार कुठल्याच थराला नीट लागत नाही.

थर झाल्यावर लोखंडी सळई हाताच्या जोराने खुपसून पाहावी. एखाद्या जागी ती सहज आत गेली, तर तेथे पुन्हा चोपावे. धुम्मसाचा आवाजही सुरुवातीला दबका असतो आणि थर बसला की टणक होतो.

त्या शाळेत शेवटी फरशी उखडावी लागली. जुना भराव काढून थराथरांनी चोपला, तेव्हा मुख्याध्यापकांना पुन्हा मुरूम मागवावा लागला : सव्वा ब्रास. पहिल्या वेळी वहीत न आलेला.