मुकादमाच्या गाडीतून चित्रीकरण नको

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. या विषयावर माहितीपट काढू पाहणाऱ्या बाहेरच्या मंडळींना आम्ही आधी एकच सांगतो : वाटाड्या म्हणून मुकादम घेऊ नका. त्याच्याकडे गाडी असते, वस्तीवर त्याचा शब्द चालतो; पण त्या कुटुंबाने उचलही त्याच्याकडूनच घेतलेली असते. तो जवळ उभा असला की बाई आधी त्याच्याकडे पाहते, मग उत्तर देते. असे दिसले की कॅमेरा बंद करावा.

दुभाषी बाईच असावी, आणि तीही इथली बोली जाणणारी. समजा, एखादी भगिनी म्हणाली, “पिशवी काढली, आता खाडा पडत नाही.” याचे भाषांतर ‘ऑपरेशननंतर बरे आहे’ असे झाले, तर सारा अर्थ बुडाला. पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस, ज्याचा दंड मुकादम कापतो. पाळीच्या त्रासाने दंड भरावा लागू नये म्हणून तिने गर्भाशय काढले, असे ती सांगत असते.

म्हणून दर दोन वाक्यांनी थांबावे, तिचाच शब्द आधी उच्चारावा, मग अर्थ सांगावा. पुढे तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या जाणकाराला ऐकवून ताडून घ्यावे.