माइक खरखरला तर
(सभागृहाची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांसाठी)

सुरू करताना आधी मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. क्रम चुकला की स्पीकरमधून ‘धाड्’ असा ठोका येतो आणि त्यात स्पीकर जाऊ शकतो.

बाकी बहुतेक तक्रारी वायरींच्याच. महिन्यातून एकदा प्रत्येक वायर माइकला जोडा, आवाज कमी ठेवा, एकाला बोलत राहायला सांगा आणि दोन्ही टोकांच्या पिनांजवळ वायर हलकेच हलवा. आवाज तुटला किंवा खरखरला, तर आतला डाग सुटत आलाय. त्या वायरीला लगेच लाल चिकटपट्टी लावून ती बाजूला काढा. ‘नंतर बघू’ म्हणून पेटीत टाकलेली वायर नेमकी हळदीकुंकवाच्या दिवशी हाती येते.

आमच्याकडे एकदा भाषण चालू असताना खरखर सुरू झाली. सगळे म्हणाले, माइक गेला. माइक बदलला, खरखर तशीच. मग तीच वायर मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला लावली, तरी तेच. वायर बदलली आणि आवाज स्वच्छ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काढ-घाल करण्याआधी तो चॅनेल म्यूट करायचा.

वायर कोपरावर करकचून गुंडाळू नका, आत पीळ बसतो. सैल वेटोळी घाला. कॉर्डलेस माइकमधले सेल कार्यक्रमानंतर काढून ठेवा. आत राहिले तर पाझरून पट्ट्या गंजवतात.