डाळिंबाचा गुण कोणाला येतो?

डाळिंब सोलताना दाण्यांच्या कप्प्यांमधला पिवळसर पापुद्रा चुकून तोंडात गेला, की जीभ आणि टाळू आवळल्यासारखे होतात. हा तुरटपणा टॅनिनांचा. टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. डाळिंबातली बहुतेक टॅनिने एलॅजिटॅनिन या गटातली असतात. त्यांतले प्रमुख म्हणजे प्युनिकॅलॅजिन. हे नाव डाळिंबाच्या ‘प्युनिका’ या शास्त्रीय नावावरून आले आहे.

प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत आणि पापुद्र्यात असते, दाण्यांत फारच थोडे. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या वेगळ्याच द्रव्याचा असतो. सोलापूरकडचे भगवा डाळिंब सोलून, पापुद्रा काढून, वाटीत दाणे घेऊन खाणाऱ्याच्या पोटात रंग भरपूर जातो, टॅनिन मात्र जेमतेम. कारखान्यात अख्खे फळ सालीसकट दाबून रस काढतात, तेव्हा सालीतले टॅनिन रसात उतरते. अशा रसात लिटरमागे दीड-दोन ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त प्युनिकॅलॅजिन आढळते. त्यामुळे ‘डाळिंबाचा रस’ हे नाव एकच असले, तरी घरी दाण्यांचा काढलेला रस आणि कारखान्यातला रस या पुढील हकिकतीच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कारखान्यातल्या रसाची परीक्षानळीत चाचणी घेतली गेली, तेव्हा त्याची ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद रेड वाइन आणि ग्रीन टीच्या सुमारे तिप्पट भरली. डाळिंबाचा जगभर बोलबाला झाला त्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे. पण परीक्षानळीला आतडे नसते. रस प्यायल्यावर प्युनिकॅलॅजिन रक्तात पोहोचते का, हा प्रश्न मागेच राहिला होता.

त्याचे उत्तर स्पेनमधल्या मुर्सिया येथील संशोधकांनी २००४ साली दिले. त्यांनी सहा निरोगी स्वयंसेवकांना सलग पाच दिवस रोज एक लिटर डाळिंबाचा रस पाजला. या रसात लिटरला चार ग्रॅमहून अधिक प्युनिकॅलॅजिन होते, म्हणजे मात्रा दांडगी होती. तरीही त्यांच्या रक्तात किंवा लघवीत प्युनिकॅलॅजिन सापडले नाही, आणि त्यापासून निघणारे एलॅजिक आम्लही सापडले नाही. सापडली ती दुसरीच संयुगे, युरोलिथिने. लघवीत ती पहिल्या दिवशी नव्हे, चोवीस तास उलटल्यावर दिसू लागली. ऑक्सिडीकरण रोखण्याच्या चाचणीत ही संयुगे प्युनिकॅलॅजिनच्या पासंगालाही पुरली नाहीत. ज्या गुणासाठी रसाची वाहवा झाली, तो गुण असलेले द्रव्य रक्तात येतच नव्हते.

प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र वेगळीच होती. सहाही जण निरोगी होते, रस एकच होता, मापही एकच. प्यायलेल्या प्युनिकॅलॅजिनच्या हिशेबात एकाच्या लघवीतून युरोलिथिनांच्या रूपाने केवळ ०.७ टक्के बाहेर पडले, तर दुसऱ्याच्या लघवीतून ५२.७ टक्के. हा फरक पंचाहत्तर पटींचा आहे. वजन, पचन किंवा रस पिण्याची वेळ अशा कारणांनी एवढी तफावत पडत नाही. काम करणारे कोणीतरी एकाच्या पोटात होते आणि दुसऱ्याच्या पोटात जवळपास नव्हतेच, असाच याचा अर्थ होतो.

हे काम टप्प्याटप्प्याने चालते. प्युनिकॅलॅजिनचा रेणू अवजड असतो, तो आतड्याच्या अस्तरातून पार होत नाही. पचनमार्गात त्याचे तुकडे होतात आणि सुटा झालेला भाग आपोआप मिटून त्याचे एलॅजिक आम्ल बनते. हा रेणू लहान असतो, पण पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. म्हणून तोही बहुतांशी शोषला न जाता मोठ्या आतड्यात उतरतो, आणि तिथे ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात राहणाऱ्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो.

जिवाणू आधी एलॅजिक आम्लातले एक कडे उघडून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. उरलेल्या सांगाड्यावर पाच हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या पाच जोड्या, असतात. हे पहिले युरोलिथिन. पुढे या जोड्या एकेक करून छाटल्या जातात. पाचाच्या चार होतात, चाराच्या तीन. तीन जोड्या उरल्या की युरोलिथिन सी, दोन उरल्या की युरोलिथिन ए, आणि एकच उरली की युरोलिथिन बी. प्रत्येक छाटणीगणिक रेणू पाण्यापेक्षा चरबीत अधिक मिसळणारा होतो, त्यामुळे आतड्याचे अस्तर ओलांडणे त्याला सोपे जाते. एलॅजिक आम्ल रक्तात येत नाही आणि युरोलिथिन ए येते, त्याचे कारण इथे आहे. युरोलिथिन हे नाव मात्र डाळिंबाशी संबंधित नाही. ही संयुगे मेंढ्यांच्या मूतखड्यांत सापडली होती, म्हणून नावात मूत्र आणि खडा हे दोन्ही शब्द आले.

सगळ्या जोड्या छाटणारा एकच जिवाणू असता, तर माणसामाणसांत फारसा फरक पडला नसता. प्रत्यक्षात कामे वाटलेली आहेत. २०१४ साली वर्णन झालेला गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफॅसियन्स आणि त्याचा भाऊबंद गॉर्डोनिबॅक्टर पॅमेली एलॅजिक आम्लापासून सुरुवात करून युरोलिथिन सीपर्यंत येतात आणि थांबतात. पुढचे काम दुसऱ्यांचे. एंटेरोक्लोस्टर बोल्टी हा जिवाणू सीमधली एक ठरावीक जोडी छाटतो, आणि युरोलिथिन ए तयार होते. २०१८ साली वर्णन झालेला एलॅजिबॅक्टर मात्र शेजारचीच दुसरी जोडी छाटतो आणि आयसोयुरोलिथिन ए बनवतो. या दोघांतही दोनच जोड्या असतात, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या. आयसोयुरोलिथिनवर एंटेरोक्लोस्टरने आपली नेहमीची छाटणी केली, की एकच जोडी उरते आणि युरोलिथिन बी हाती येते. कोणत्या पोटात काय तयार होईल, हे तिथे यांपैकी कोण हजर आहे यावर ठरते.

मुर्सियाच्या गटाने पुढे याच आधारे माणसांचे तीन गट पाडले. ‘ए’ गटाच्या लोकांत अखेरीस फक्त युरोलिथिन ए तयार होते. ‘बी’ गटात युरोलिथिन एसोबत आयसोयुरोलिथिन आणि युरोलिथिन बी हेही दिसतात. ‘शून्य’ गटात छाटणी सुरुवातीलाच अडते आणि ही शेवटची युरोलिथिने तयारच होत नाहीत. गट ओळखण्यासाठी रक्तही काढावे लागत नाही. व्यक्तीला तीनेक दिवस डाळिंबाचा अर्क किंवा अक्रोड देतात (अक्रोडातही एलॅजिटॅनिने असतात) आणि मग लघवी तपासतात. रस प्यायल्यावर लगेच लघवी तपासली तर फसगत होते. माल मोठ्या आतड्यात पोहोचून त्यावर काम व्हायला दिवस जातो, त्यामुळे धडधाकट ‘ए’ गटातला माणूसही शून्यात मोजला जाईल.

स्पेनमध्ये ५ ते ९० वर्षे वयाच्या ८३९ जणांची अशी तपासणी झाली. ‘शून्य’ गटाचे प्रमाण सर्व वयांत दहा टक्क्यांच्या आसपास राहिले. ‘ए’ आणि ‘बी’ यांचे प्रमाण मात्र वयाप्रमाणे बदलले. लहान मुलांत ‘ए’ गट खूपच मोठा होता. तिशी-चाळिशीपर्यंत तो घटत गेला आणि ‘बी’ वाढत गेला. स्त्री-पुरुष किंवा वजन यांपेक्षा वयाचा प्रभाव ठळक होता.

‘कोणाला फायदा’ या प्रश्नाला इथून खरा आकार येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या ४९ जणांना डाळिंबाचा अर्क दिला गेला. जास्त मात्रेवर ‘बी’ गटातल्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, उतरले. ‘ए’ गटात तसे काही झाले नाही. यावरून ‘बी’ गट नशीबवान असे समजणे घाईचे होईल. त्या गटातल्यांचे कोलेस्टेरॉल मुळातच चढे होते, म्हणजे उतरायला जागा होती. शिवाय माणसे थोडी आहेत. युरोलिथिन बीनेच हे घडवले, की ‘बी’ गटाच्या पोटातली एकूण जिवाणूसृष्टीच वेगळी असल्याने अर्काचा परिणाम वेगळा झाला, हे अशा चाचणीतून सुटे करता येत नाही.

युरोलिथिन एची कहाणी स्नायूंची आहे. पेशीतली जीर्ण मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा पुरवणारी बिघडलेली केंद्रे, वेचून मोडीत काढण्याची एक व्यवस्था शरीरात असते आणि वयाबरोबर ती मंदावते. युरोलिथिन ए तिला चालना देते, असे स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील संशोधनात २०१६ साली दिसले. सूक्ष्म कृमींचे आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढले आणि वयस्क उंदीर जास्त वेळ धावू शकले. माणसांतले निकाल सौम्य आहेत. ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांना चार महिने रोज एक ग्रॅम युरोलिथिन ए दिल्यावर हाताच्या आणि पायाच्या स्नायूंची दमछाक उशिरा होऊ लागली. पण सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, या मुख्य कसोटीवर औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा ते पुढे गेले नाहीत.

या चाचण्यांत रस न देता तयार युरोलिथिन ए का दिले, हे शंभर जणांच्या आणखी एका चाचणीवरून कळते. सुरुवातीला केवळ १२ टक्के लोकांच्या रक्तात युरोलिथिन ए मोजण्याइतके होते. एक पेला डाळिंबाचा रस दिल्यावर सुमारे ४० टक्के लोकांत त्याचे लक्षणीय रूपांतर झाले. ५०० मिलिग्रॅम तयार युरोलिथिन घेतल्यावर मात्र रक्तातली एकूण पातळी रसाच्या सहा पटींहून वर गेली. स्पेनमध्ये नव्वद टक्के लोक युरोलिथिन बनवणारे आणि इथे चाळीसच, ही विसंगती वाटेल. पण स्पेनमध्ये काही दिवस खाऊन झाल्यावर लघवी पाहिली होती, इथे एका पेल्यानंतरचे रक्त. थोडे बनवणारा पहिल्या पद्धतीत सापडतो, दुसरीत निसटतो.

तयार युरोलिथिनमुळे जिवाणूंची अडचण टळते, पण मिळते ते एकच संयुग. जिवाणूच कॅप्सूलमधून द्यायचे, तर गॉर्डोनिबॅक्टर सावकाश वाढणारा आहे आणि हवेतला ऑक्सिजन त्याला मानवत नाही. दह्यातल्या जिवाणूंसारखे त्याला सहज वाढवता आणि टिकवता येत नाही. तो एकटा देऊन भागतही नाही. पुढची छाटणी करणारा सोबती पोटात नसेल, तर गाडी युरोलिथिन सीवर थांबते.

डाळिंबावरच्या जुन्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचा उलगडाही यात बऱ्याच अंशी होतो. तीनही गटांतली माणसे एकत्र करून सरासरी काढली, की एका गटात झालेली घट दुसऱ्यांच्या स्थिर आकड्यांत विरून जाते आणि परिणाम नाही असा निष्कर्ष निघतो. म्हणून नव्या चाचण्यांत स्वयंसेवकांची लघवी तपासून त्यांचा गट ठरवतात आणि प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा मांडतात.