आठ चुका आणि एक नववी

मुद्रितशोधनाच्या कामाला नवा माणूस घ्यायचा असला, की त्याला फारसे प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. त्याच्यापुढे एक पान ठेवायचे, लाल पेन द्यायचे आणि अर्ध्या तासाने पान परत घ्यायचे. पान मुद्दाम बनवलेले असते. त्यात ठरावीक चुका पेरलेल्या असतात आणि त्या कुठे आहेत हे फक्त तपासणाऱ्याला ठाऊक असते. खरे शिक्षण मात्र त्यानंतर सुरू होते, म्हणजे तपासणारा ज्येष्ठ मुद्रितशोधक तपासलेल्या पानाला जो शेरा जोडतो तिथून. नुसते ‘आठांपैकी तीन’ असे लिहून पान परत केले, तर उमेदवाराच्या हाती निकाल पडतो, पण उद्या पान कसे वाचायचे ते त्याला कळत नाही.

असा शेरा कसा असतो हे पाहण्यासाठी एक छोटा नमुना बांधून घेऊ. मथळा असा: ‘सुवर्णमोहत्सवी वाचनालयाला नवी इमारत’. खाली मजकूर:

‘१९७२ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन रविवार, १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदीनी झाले. अध्यक्ष श्री. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली हे काम पूर्ण झाले. वाचनालयात १२,४०० पुस्तके असून त्यांपैकी ८,३०० मराठी, २,६०० हिंदी आणि १,४०० इंग्रजी आहेत. ग्रंथपालानी वाचनाचे महत्व सांगितले. समारंभानंतर गावातल्या आचार्यांनी केलेल्या झुणका-भाकरीचा सर्वांनी आस्वाद घेतला.’

छायाचित्राखालची ओळ: ‘उद्घाटनप्रसंगी अध्यक्ष श्री. कुळकर्णी’.

पुढे जाण्याआधी वाचकाने हवे तर स्वतः एकदा पेन फिरवून पाहावे. पेरलेल्या जागा आठ आहेत.

समजा, उमेदवार मुलगी मराठी घेऊन एम. ए. झालेली आहे आणि व्याकरणात पक्की आहे. तिने ‘स्वातंत्र्यदीनी’चे ‘स्वातंत्र्यदिनी’ केले. बरोबरच केले, कारण ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. ‘महत्व’चे तिने ‘महत्त्व’ केले. ‘ग्रंथपालानी’वर राहून गेलेला आदरार्थी अनुस्वारही दिला. व्याकरणाच्या पेपरात ती पहिली आली असती. पण मथळा तसाच राहिला, वार तसाच राहिला, पुस्तकांची बेरीज कोणी केली नाही आणि झुणका-भाकर आचार्यांनीच रांधली.

शेऱ्यात ज्येष्ठांनी सुरुवात मथळ्यापासून केली: ‘पानावरचा सगळ्यांत मोठा शब्द तुम्ही वाचलाच नाहीत.’ वाक्य टोचणारे आहे, पण तंतोतंत खरे. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या मारत जातो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो आणि एका टेकण्यात त्याला मोजकीच अक्षरे स्वच्छ दिसतात. उरलेला शब्द ओळखीच्या आकारावरून मनच पुरा करते. ‘सुवर्णम…’ दिसले की पुढचे ‘होत्सवी’ आपोआप वाचले जाते, मग कागदावर ‘ह’ आणि ‘म’ यांच्या मात्रांची अदलाबदल का झालेली असेना. त्यात मथळा जाड टाइपात असतो, संपादकाने तो दहा वेळा पाहिलेला असणार अशी समजूत असते आणि नवख्याचे पेन थेट मजकुराच्या पहिल्या ओळीवर उतरते. म्हणून शेऱ्यात उपाय लिहिला आहे तो असा: मथळे, उपमथळे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि पृष्ठांक यांची फेरी वेगळी करायची, तीही मजकूर वाचून झाल्यावर. लांब शब्द तोडून वाचायचा. महा अधिक उत्सव म्हणजे महोत्सव, हे मनातल्या मनात म्हटले की ‘मोहत्सव’ला लपायला जागा उरत नाही.

दुसरा मुद्दा वाराचा. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोमवार होता. पाच मिनिटे कॅलेंडर उघडले असते तर चूक सापडली असती, पण शेऱ्याचा रोख तिथे नाही. ‘रविवार’ हा शब्द ‘स्वातंत्र्यदीनी’च्या त्याच वाक्यात, जेमतेम चार शब्दांवर आहे, हे ज्येष्ठांना दाखवायचे होते. एक चूक सापडल्याचा आनंद होतो, हात खूण करण्यात गुंततो आणि डोळा त्या ओळीला ‘झाली’ असे समजून पुढे जातो. सापडलेल्या चुकीच्या आसपासच दुसरी निसटते, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे. म्हणून खूण केल्यावर ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायचे. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आकड्यांबद्दल शेरा थोडा लांबतो आणि ते योग्यच आहे. ८,३०० अधिक २,६०० अधिक १,४०० म्हणजे १२,३००. मजकुरात १२,४०० आहेत. शंभराचा फरक. आता दुरुस्ती काय करायची? मोह असा होतो की एकूण आकडा बदलून टाकावा. पण कदाचित एकूण आकडा बरोबर असेल आणि हिंदी पुस्तके २,७०० असतील, किंवा शंभर संस्कृत पुस्तकांचा उल्लेख लेखकाकडून राहून गेला असेल. बेरीज चुकली आहे एवढे मुद्रितशोधकाला सांगता येते. कोणता आकडा चुकला हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. अशा वेळी मजकुराला हात लावायचा नाही. समासात वर्तुळ करून त्यात प्रश्नचिन्ह टाकायचे आणि शेजारी लिहायचे: ‘बेरीज १२,३०० येते, पाहावे.’ वाराचे थोडे वेगळे आहे. तिथे ‘स्वातंत्र्यदिनी’ हा शब्द तारखेची ग्वाही देतो, म्हणजे चूक वारातच आहे हे जवळजवळ नक्की. तरीही तिथेसुद्धा प्रश्नच लिहावा असे शेरा सांगतो, आणि तो बरोबर सांगतो.

अध्यक्षांच्या आडनावाने हाच धडा उलट बाजूने शिकवला. मजकुरात ‘कुलकर्णी’ आणि छायाचित्राखाली ‘कुळकर्णी’ हा फरक मुलीला दिसला होता. शाबासकीच द्यायला हवी, पण तिने छायाचित्राखालचा ‘ळ’ बेधडक खोडून ‘ल’ केला. महाराष्ट्रात दोन्ही आडनावे नांदतात. उद्या अध्यक्ष आपले नाव ‘कुळकर्णी’ लिहितात असे निघाले, तर आधी निम्मे बरोबर असलेले पान आता पूर्ण चुकीचे झाले. शेऱ्यात याला ‘सापडली, पण सुटली नाही’ असा वेगळा रकाना आहे.

आचाऱ्यांच्या चुकीवर ज्येष्ठ सर्वांत जास्त रेंगाळले आहेत. ‘आचारी’ या शब्दाला प्रत्यय लागला की ‘आचाऱ्यांनी’ होते. ‘आचार्य’ला लागला की ‘आचार्यांनी’. पहिल्यात आडवा अर्धा र, दुसऱ्यात रफार. बोलताना फरक लगेच कळतो: ‘आचार्यांनी’ म्हणताना ‘चा’वर आघात येतो, ‘आचाऱ्यांनी’ म्हणताना येत नाही. दऱ्या आणि दर्या यांची गोष्ट तीच. ही चूक बहुधा टंकलेखनात जन्मते. नेहमीचा र, हलन्त आणि य अशा कळा दाबल्या की संगणक रफारच काढतो. अर्धा र हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून र च्याच कळीवर मिळतो, पण घाईत शिफ्ट राहून जाते. संगणकातला शुद्धलेखन-तपासनीस इथे गप्प बसतो, कारण ‘आचार्यांनी’ हा शब्द त्याच्या यादीत अगदी शुद्ध आहे. चूक शब्दात नसून वाक्यात आहे, आणि ती वाक्याचा अर्थ लावणाऱ्यालाच सापडते. पूर्वी छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचत असे आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवत असे. त्या पद्धतीत ही चूक कानाला खटकण्याची शक्यता बरीच होती. आता एकट्याने काम करायचे तर शेरा सुचवतो की र्य आणि ऱ्य असलेला प्रत्येक शब्द ओठ हलवून वाचावा, शेजारचा हसला तरी.

आणि मग नववी चूक. ती पेरलेली नव्हती, उमेदवाराने स्वतः घातली. ‘महत्व’चे ‘महत्त्व’ केल्यावर, त्याच जोमात मागे जाऊन तिने ‘नेतृत्वाखाली’चे ‘नेतृत्त्वाखाली’ केले. इथे शेऱ्याचा सूर बदलतो. ‘महत्’ला ‘त्व’ लागतो तेव्हा दोन त एकत्र येतात, म्हणून महत्त्व. ‘तत्’चे तत्त्व तसेच. ‘नेतृ’च्या शेवटी त् नाहीच, ऋकार आहे; त्याला ‘त्व’ लागून एकाच त चे नेतृत्व होते. कर्तृत्व, दातृत्व आणि अस्तित्व यांतही त एकच. ‘निसटलेली चूक लेखकाची असते, तुम्ही घातलेली आपल्या खात्याची,’ असे ज्येष्ठांनी लिहिले आहे, आणि ही ओळ शेऱ्यात एकटीच अधोरेखित आहे. थोडे कडक वाटेल. पण शुद्ध मजकूर बिघडवणारा मुद्रितशोधक घेण्यापेक्षा न घेतलेला परवडतो, हे खरेच आहे. ज्या शब्दाची खात्री नाही त्यात अक्षर वाढवण्याआधी मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांचे पुस्तक उघडायचे, असे तिला बजावले आहे. मराठी लेखनाचे नियम काही शेकड्यांनी नाहीत. १९६२ साली चौदा ठरले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. मात्र कोणता शब्द कोणत्या नियमाखाली येतो, हे आठवणीवर सोडता येत नाही.

शेऱ्याच्या शेवटी गुण आहेत: सापडल्या तीन, सापडून न सुटलेली एक, निसटल्या चार, वाढवली एक. त्याखाली पुढच्या चाचणीची सूचना आहे. या वेळी पानासोबत मूळ प्रतही मिळेल आणि ओळीगणिक ताडून पाहावी लागेल. चुका किती आहेत ते सांगितले जाणार नाही; एखादा परिच्छेद पूर्ण निर्दोषही असू शकेल. बेरजा ज्या कागदावर कराल तो कागद पानाला टाचून द्यावा.