काम संपलं, हे कागदावर कधी येतं?

सॉफ्टवेअर तयार होतं, ग्राहक ते रोज वापरायलाही लागतो, आणि तरीही शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने अडकून राहतो. छोट्या कंपन्यांना हा अनुभव नवा नाही. ग्राहकाची नियत खोटी असतेच असं नाही. बहुतेक वेळा काम नेमकं कधी आणि कुठे संपलं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. ते लिहिण्याची जागा म्हणजे प्रकल्प बंद करताना ग्राहकाला पाठवायचा मेल.

समजा, कोल्हापुरातल्या एका किराणा घाऊक व्यापाऱ्यासाठी चार जणांच्या कंपनीने ऑर्डर आणि स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर केलं. ठरलेली रक्कम ४ लाख, त्यातले शेवटचे ८० हजार काम स्वीकारल्यावर मिळायचे. १० जूनला काम सुपूर्द झालं. त्या दिवशीच्या मेलमध्ये ‘सर्व काम पूर्ण झाले आहे, कृपया पेमेंट करावे’ एवढंच लिहिलं, तर व्यापारी म्हणणार, ‘बघून सांगतो.’ आणि ते बघणं कधीच संपत नाही.

त्याऐवजी करारातली कलमं एकेक करून घ्यावीत. सेल्समनचं मोबाइल ॲप दिलं, आवृत्ती अमुक, ग्राहकाने चाचणी घेतली ३ जूनला. बिलिंग दिलं. स्टॉकचा अहवाल दिला. टॅलीत नोंदी पाठवण्याची सोय मात्र मे महिन्यातल्या बैठकीत दोघांच्या संमतीने पुढच्या टप्प्यावर ढकलली, त्यामुळे ती या कामात नाही. गोदामातल्या जुन्या प्रिंटरवर मराठी नावं नीट छापली जात नाहीत, ती अडचण वॉरंटीत अमुक तारखेपर्यंत दूर करू. ही शेवटची दोन वाक्यं लिहायला हात कचरतो, पण माझ्या मते अख्ख्या मेलमधली सर्वांत मोलाची वाक्यं तीच. राहिलेलं काम आपणच नोंदवलं की त्या एका प्रिंटरपायी सगळी रक्कम रोखून धरायला फारसं कारण उरत नाही.

यानंतर येतं हस्तांतरण. डोमेन कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डावरून जातं, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हे साधे प्रश्न. डोमेन कंपनीतल्या एखाद्या मुलाच्या खाजगी ईमेलवर घेतलेलं असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते आणि एक दिवस वेबसाइट बंद पडते. म्हणून ही खाती आधी ग्राहकाच्या नावावर करावीत आणि नूतनीकरणाच्या तारखा मेलमध्ये द्याव्यात. पासवर्ड मात्र मेलमध्ये कधीही लिहू नयेत. ते वेगळ्या सुरक्षित मार्गाने द्यावेत आणि ग्राहकाने लगेच बदलावेत. बॅकअप दिला म्हणजे नुसती फाइल दिली असं नव्हे. ग्राहकाच्या माणसाने दुसऱ्या संगणकावर तो उतरवून कालचं बिल उघडून पाहिलं, तरच तो दिला असं म्हणावं.

सोर्स कोडबद्दल ग्राहकांचा मोठा गैरसमज असतो. पैसे दिले म्हणजे कोड आपोआप आपल्या मालकीचा झाला, असं त्यांना वाटतं. बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट साधारणपणे बनवणाऱ्याकडेच राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो देण्यासाठी सहीचा लेखी दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात मालकी द्यायचं ठरलं असेल, तर तो दस्त या मेलसोबतच जोडावा.

शेवटी मागायची ती स्वीकृती. ‘आपला अभिप्राय कळवा’ असं लिहिलं की अभिप्रायच येतो, स्वीकृती येत नाही. उत्तराचं वाक्य आपणच लिहून द्यावं: ‘वरील यादीतील काम मिळाले, नोंदवलेली प्रिंटरची अडचण वगळता ते स्वीकारले आहे.’ खाली नाव, हुद्दा, तारीख. आणि हे उत्तर ज्याच्या शब्दाने पैसे सुटतात, त्याच्याकडून घ्यावं. रोज ॲप वापरणाऱ्या कारकुनाचं ‘ओके सर’ हिशेब खात्यात चालत नाही.

उत्तर आलंच नाही तर? काम करणारी कंपनी सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६चा एमएसएमई विकास कायदा तिच्या बाजूने उभा राहतो. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर दिल्याच्या दिवशीच काम स्वीकारलं असं मानलं जातं. करारात कितीही लांबची मुदत असली, तरी त्या दिवसापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. आपल्या उदाहरणात हरकतीची मुदत २५ जूनला संपते आणि पैशांची २५ जुलैला. पण १५ दिवसांत लेखी हरकत आली, तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणून हरकत आली की तिचं निवारण कोणत्या तारखेला केलं, तेही त्याच मेलच्या उत्तरात लिहून पाठवा.