१०१४१६२० : किती प्रकारे वाचाल?

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराचे काम १९८९ साली सुरू झाले. त्याचा कारभार जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टकडे होता. पुढे ट्रस्टच्या जागी प्राधिकरण आले, तरी लोकांच्या तोंडी 'जेएनपीटी' हेच नाव राहिले. ही चार इंग्रजी अक्षरे आपण अंकांत लिहू. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असे करत झेड म्हणजे २६. मग जे १०, एन १४, पी १६ आणि टी २० होतात. मध्ये जागा न सोडता लिहिले की मिळते १०१४१६२०.

आता ही अंकमाला दुसऱ्याच्या हाती द्या. मूळ नाव त्याला ठाऊक नाही. तो १४ ला एन समजेल, की १ आणि ४ वेगळे करून ए-डी वाचेल? एकूण किती वाचने संभवतात?

आठ अंकांमध्ये सात फटी आहेत. प्रत्येक फटीत रेघ मारायची किंवा नाही, म्हणजे १२८ प्रकारे तुकडे पडतात. ते सगळे लिहून चुकीचे खोडता येतील, पण वीस अंकांच्या मालेचे तुकडे पाच लाखांच्या वर जातात. म्हणून दुसरी वाट धरू.

मालेत आपण एखाद्या अंकापाशी उभे आहोत अशी कल्पना करा. तिथपर्यंतच्या वाचनातले शेवटचे अक्षर एक तर या एकट्या अंकाचे असेल, किंवा आधीच्या अंकासह झालेल्या जोडीचे. तिसरी शक्यता नाही. अंक एकटा चालत असेल, तर आधीच्या अंकापर्यंतची जितकी वाचने तितकी घ्यायची. जोडी चालत असेल, तर दोन घरे मागची संख्या तीत मिळवायची. एकटा अंक १ ते ९ मधला हवा, जोडी १० ते २६ मधली. माला सुरू होण्याआधीच्या रिकाम्या घरात आपण १ मांडतो, कारण काहीच न वाचण्याची रीत एकच आहे.

शून्याची अडचण इथे दोन्ही बाजूंनी येते. शून्य एकटे अक्षर होत नाही. त्याला आधीचा १ किंवा २ लागतोच. आणि शून्याने जोडीची सुरुवातही होत नाही: ०१ म्हणजे १ नव्हे, कारण ए लिहिताना आपण ०१ लिहिलेच नव्हते.

फळ्यावर मांडू:

अंक : १ ० १ ४ १ ६ २ ०
वाचने : १ १ १ २ २ ४ ४ ४

पहिल्या शून्याखालचा १ एकट्या शून्याचा नाही. तो १० या जोडीमुळे रिकाम्या घरातून आला. पुढच्या १ ला ०१ ही जोडी मिळत नाही, म्हणून तिथेही १. ४ एकटा चालतो आणि १४ ही चालते, म्हणून १ अधिक १, दोन. ४१ बाद, म्हणून दोनच. ६ आणि १६ दोन्ही चालतात, म्हणून दोन अधिक दोन, चार. ६२ बाद. शेवटच्या शून्यासाठी २० हीच एक वाट, तेव्हा दोन घरे मागचे चार खाली उतरतात. ती चार वाचने अशी: जे-एन-पी-टी, जे-ए-डी-पी-टी, जे-एन-ए-एफ-टी आणि जे-ए-डी-ए-एफ-टी.

विद्यार्थी नेमके ०१ पाशी फसतात. ती जोडी चालवून घेतली, तर तिसऱ्या घरात २ येतात आणि शेवटी उत्तर सहा निघते. चूक शोधायची तर वाचन उलट अंकांत लिहून पाहावे: १, ०१, ४, १६, २० म्हणजे ए-ए-डी-पी-टी, आणि त्याचे अंक होतात ११४१६२०. मूळ माला परत मिळाली नाही. दुसरी गंमत म्हणजे शेवटच्या २ चा चुकून ३ झाला, तर ३० बाद, एकटे शून्य बाद आणि उत्तर शून्य! अशी माला कुणी अक्षरांवरून लिहिलीच नसणार, हे लगेच कळते. मात्र प्रत्येक चूक अशी पकडली जात नाही; ४ चा ५ झाला तर वाचने चारच राहतात.

मागच्या उत्तरांवर पुढचे रचण्याच्या या पद्धतीला रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे नाव दिले. सगळे अंक १ असतील तर वाचने १, २, ३, ५, ८ अशी वाढतात. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना याच संख्या दिल्या होत्या; एकटा अंक हा लघु, जोडी हा गुरू.

याच बंदरातल्या कंटेनरांवर चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी अंक असतो. तो काढताना अक्षरांना १० ते ३८ या किमती देतात. शेवटी ११ ने भागून बाकी घ्यायची असते, म्हणून ११, २२ आणि ३३ गाळतात. या किमती सलग लिहिण्यासाठी नाहीत, पण आपण लिहून पाहू. जेएनपीटीचे होतात २०२५२७३१. अंक आठच. मात्र इथे प्रत्येक अक्षर दोन अंकी आहे हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. तो डावीकडून दोन-दोन तोडत जातो, आणि वाचन एकच निघते.