‘पेपर क्लिअर आहेत, रविवारी या’: जमीन एजंटाच्या संदेशाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुळशी तालुक्यात पिरंगुटचे कारखाने एका बाजूला आणि हिंजवडीच्या कंपन्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या मध्ये घोटावडे. त्यामुळे इथल्या जमिनीची चौकशी पुण्यातूनच नव्हे, बाहेरगावाहूनही होते, आणि व्यवहाराची पहिली सगळी बोलणी मोबाईलवर चालतात. एजंट गावचा, गिऱ्हाईक शहरातले. दोघांमध्ये जातात ते संदेश साधारण असे:

“दादा, पेपर ऑल क्लिअर आहेत, सातबारा ओके. रविवारी सकाळी फाट्यावर या, जागा दाखवतो. बहिणी सोडून देणार आहेत, टेन्शन नाही. दुसरी पार्टीपण येतेय, टोकन घेऊन या.”

असे संदेश आता अनेक एजंट कुणाकडून तरी ‘प्रोफेशनल’ करून घेतात. कधी ऑफिसातली मुलगी लिहून देते, कधी शिकलेला पुतण्या. कल्पना चांगली आहे, पण या कामाबद्दलचे काही गैरसमज खरेदीदाराला आणि एजंटालाही महाग पडतात. वरचाच संदेश उदाहरण म्हणून घेऊन ते पाहू. उदाहरण कल्पित आहे, कागद आणि नियम मात्र खरे आहेत.

गैरसमज: भाषा शुद्ध आणि भारदस्त केली की संदेश व्यावसायिक होतो.

पुतण्याने वरचा संदेश असा सुधारला असे समजा: “सदर मिळकतीची सर्व कागदपत्रे निर्वेध व कायदेशीर असून आपण रविवारी प्रत्यक्ष भेट द्यावी.” वाक्य छान झाले, पण माहिती एका अक्षराने वाढली नाही. उलट नुकसान झाले. ‘ऑल क्लिअर’ हे बोलण्यातले आहे हे ऐकणाऱ्याला कळते आणि तो थोडे हातचे राखून विश्वास ठेवतो. ‘निर्वेध व कायदेशीर’ असे छापील भाषेत आले की ती हमी वाटते.

वस्तुस्थिती अशी की संदेश सुधारणे हे आधी विचारण्याचे काम आहे आणि मग लिहिण्याचे. लिहिणाऱ्याने एजंटाला प्रत्येक कागदाबद्दल विचारायचे: हा कागद हातात आहे का? त्यावर तारीख कोणती? नसेल तर अर्ज केला आहे का? अर्जही नसेल तर तसेच लिहायचे. आहे, अर्ज केला आहे, नाही, या तीन उत्तरांपलीकडे कागदाची चौथी अवस्था नसते. ‘होऊन जाईल’ ही अवस्था नव्हे.

आपल्या उदाहरणात विचारल्यावर काय निघाले ते पाहा. जमीन २२ गुंठे, जिरायत भातशेती. एजंटाकडचा सातबारा मार्च महिन्यात उतरवलेला. विकणारा मुलगा आहे, पण सातबाऱ्यावर नाव अजून वारलेल्या वडिलांचे. वारस नोंदीचा फेरफार चालू आहे. दोन बहिणी आहेत आणि त्यांचे हक्कसोडपत्र झालेले नाही. मोजणीचा अर्जच केलेला नाही. ‘ऑल क्लिअर’ या दोन शब्दांखाली इतके सगळे झाकलेले होते, आणि एजंटाच्या मनात काही काळेबेरे होते असेही नाही. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते, म्हणून त्याला ते सांगण्यासारखे वाटले नाही.

गैरसमज: सातबारा ओके म्हणजे मालकी ओके.

सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणी, वारसाहक्क यांवरून. म्हणून वकील सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार आणि दुय्यम निबंधकांकडील नोंदी तपासतात, साधारणपणे ३० वर्षांपर्यंत मागे जाऊन. संदेशात ‘सातबारा ओके’ असे कधीच लिहू नये. सातबारा कोणत्या तारखेचा आहे, त्यावर नाव कोणाचे आहे आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय आहे, एवढे लिहावे. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, पाइपलाइनचा हक्क हे सगळे त्याच रकान्यात सापडते.

आणखी एक ओळ बघायची. सध्याच्या नमुन्यातील सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक’ हे दोन्ही छापून येतात. प्रलंबित फेरफार दिसत असेल तर त्या जमिनीत काहीतरी हलते आहे. आपल्या उदाहरणात मार्चच्या सातबाऱ्यावर ती ओळ कोरी होती, कारण वारस नोंदीचा अर्ज नंतर झाला. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा उतरवला की हे लगेच दिसते. संकेतस्थळावरचा फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी असतो, तो कागद म्हणून पुढे पाठवू नये.

बहिणींचा मुद्दा मात्र सगळ्यात जपून लिहायचा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या मागे मुलींचा हक्क मुलाइतकाच असतो. तो सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, तोंडी ‘सोडला’ म्हणून चालत नाही. एजंट म्हणतो ‘सोडून देणार आहेत’. हे कोणाच्या तरी मनाबद्दलचे भाकीत आहे, आणि ज्यांच्या हक्काबद्दल बोलणे चालले आहे त्या दोघी या गप्पांत हजरही नाहीत. संदेशात यायचे ते एवढेच: हक्कसोडपत्र नोंदलेले नाही. दोघींनाही आपला हिस्सा विकायचा असेल तर त्या खरेदीखतावर विकणार म्हणून सह्या करतील, तोही सरळ मार्ग आहे.

गैरसमज: तारीख दिली की खरेदीदाराला भरवसा वाटतो.

‘पंधरा दिवसांत नाव लागते’ असे सर्रास लिहिले जाते. हे पंधरा दिवस हरकतीचे असतात. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, नोंद घेऊन संबंधितांना नोटीस देतात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती नोंद वादग्रस्त ठरते, सुनावणी लागते आणि मग तारीख कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून संदेशात काम पूर्ण होण्याची तारीख न देता हरकतीची मुदत कधी संपते ती तारीख द्यावी आणि आपण पुढची खबर कधी देऊ तेही लिहावे. दुसरी तारीख एजंटाच्या हातातली आहे आणि ती त्याने पाळावी. त्या दिवशी सांगण्यासारखे काही नसले तरी ‘स्थिती तीच आहे’ असा संदेश गेला पाहिजे.

गैरसमज: भेटीचा निरोप म्हणजे वार आणि वेळ.

‘फाट्यावर या’ हे गावच्या माणसाला पुरते. बाहेरून येणाऱ्याला घोटावडे फाटा आणि घोटावडे गाव यांतला फरक माहीत नसतो. फाटा पौड रस्त्यावर आहे, गाव आत आहे. हिंजवडीकडून येणारा माणूस तर मुळात फाट्यावर येतच नाही. त्यामुळे भेटीच्या जागेचे लोकेशन आणि जमिनीचे लोकेशन असे दोन्ही पाठवावे.

भेटीत काय बघता येईल आणि काय येणार नाही, हेही आधी कळवावे. मोजणी झालेली नसेल तर दिसतो तो बांध, हद्द नव्हे. भातलावणी झाल्यावर खाचरातून चालता येत नाही, बांधावरूनच बघावे लागते. वहिवाटीचा रस्ता पावसात गाडीने पार होतो की नाही, हे पावसातच कळते, म्हणून खरेदीदाराने पावसाळ्यात एक फेरी जरूर मारावी. रविवारी सरकारी कार्यालये बंद असतात. ज्याला जुने फेरफार स्वतः पाहायचे आहेत त्याला कामाचा दिवस सुचवायला हवा.

हे सगळे धरून तोच संदेश असा होतो:

“नमस्कार दादा. घोटावडे येथील २२ गुंठे जमिनीबाबत, १० जूनची स्थिती:
सातबारा: ९ जूनचा, डिजिटल स्वाक्षरीचा, सोबत जोडला आहे. नाव अजून मालकाच्या दिवंगत वडिलांचे आहे. इतर हक्कात बोजा नाही.
वारस नोंद: प्रलंबित. हरकतीची मुदत १७ जूनपर्यंत.
दोन बहिणींचे हक्कसोडपत्र: झालेले नाही.
मोजणी: अर्ज केलेला नाही. हद्दीच्या खुणा दाखवता येणार नाहीत.
रस्ता: वहिवाटीचा, कच्चा. नकाशात नोंद आहे का, हे अजून पाहिलेले नाही.
तुमच्याकडून: शेतजमीन असल्याने तुमच्या किंवा कुटुंबाच्या नावाचा सातबारा लागेल.
भेट: रविवार, १४ जून, सकाळी ९. भेटीचे आणि जमिनीचे लोकेशन सोबत. मालक हजर राहतील. येणे जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.
पुढची माहिती २२ जूनला देतो. तोपर्यंत टोकन देऊ नका.”

खरेदीदाराकडून सातबारा मागणारी ओळ मुद्दाम आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, अपवाद सोडून. ही अडचण टोकन दिल्यानंतर कळली तर दोघांचेही नुकसान होते. मालकाचे आधार किंवा पॅन मात्र या टप्प्यावर पाठवायचे नाही, आणि ग्रुपवर तर कधीच नाही.

टोकनच्या शेवटच्या ओळीला एजंट विरोध करतील हे मला माहीत आहे. ‘दुसरी पार्टी’ खरी असली तरी तिचा या जमिनीच्या कागदांशी संबंध नाही, म्हणून सुधारलेल्या संदेशात तिला जागा नाही. यावर मी तडजोड सुचवणार नाही.

गैरसमज: रेरा नंबर खाली लिहिला की जबाबदारी पूर्ण झाली.

महारेराचा ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक एजंटाचा असतो, प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होतो. एजंटाचा क्रमांक जमीन तपासल्याची पावती नव्हे. वरच्यासारखी एकटी शेतजमीन रेरातला प्रकल्पच नाही, तिथे तो क्रमांक छापून धाक किंवा भरवसा निर्माण करणे चुकीचे. नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट विकताना मात्र दोन्ही क्रमांक द्यावेत. तिथे रेरा कायद्याचे कलम १० लागू होते आणि एजंटाने सेवेबद्दल किंवा मंजुरीबद्दल केलेले खोटे विधान, तोंडी असो वा लेखी, अनुचित व्यवहार ठरते. मोबाईलवरचा संदेश लेखीच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह तो न्यायालयात दाखल करता येतो. पाठवणाऱ्याने नंतर पुसला तरी समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो राहतोच.

एजंटांनी असा संदेश पाठवण्याआधी तो एकदा मालकाला वाचून दाखवावा, कारण वारस आणि बहिणींबद्दलची चूक तिथेच सापडते. आणि खरेदीदारांनी, ‘ऑल क्लिअर’ असे उत्तर आले तर, कोणता कागद, कोणत्या तारखेचा, एवढे दोन प्रश्न लेखी विचारून उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नयेत.